परतीचा टप्पा

'कोसला'चा शेवटचा भाग सैल आहे, असं मी वर्गात पुष्कळ वर्षं सांगत आले. विद्यार्थी ते लिहून घेत आणि परीक्षेत माझंच वाक्य मला परत मिळे. आज मला तसं वाटत नाही. मत बदललं म्हणजे नेमकं काय बदललं, ते एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

माझं जुनं म्हणणं असं होतं. कादंबरीत प्रवास घेतला की त्याचे टप्पे पडतात. नायक घर सोडतो, अनोळखी जागी जातो, तिथे त्याला काहीतरी भेटतं, तो थोडा बदलतो आणि पुढे सरकतो. शेवटी तो घरी आला तरी निघाला होता तो माणूस राहिलेला नसतो, आणि हा फरक वाचकाच्या हातात पडला पाहिजे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, काही वर्षं राहतो आणि पदवी न घेता गावी परततो. शेवटच्या भागात तो गावातल्या रिकाम्या पोरांबरोबर बसतो, जुन्या गोष्टी ऐकतो, वडिलांच्या समोर वावरतो. मी म्हणत असे की एवढ्या लांबच्या प्रवासातून याने काय आणलं? लेखकाकडे परतीसाठी काही शिल्लकच नव्हतं, म्हणून त्याने गावगप्पांवर पानं भरली.

हे मत माझ्यात आलं कुठून, याचा विचार मी फार उशिरा केला. मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे प्रवासाची गोष्ट म्हणजे फळाला आलेल्या प्रवासाची गोष्ट. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. तिथून पुढे तेलंगणात फिरताना 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी उभे राहून 100 एकर देतो म्हणाले. निघताना जे मनात नव्हतं ते वाटेत सापडलं आणि तेच पुढचं आयुष्य झालं. विनोबा पवनारला परतले ते 1964 मध्ये. ही हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकलेली. गांधीजींचंही तसंच. 1930 साली दांडीला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही म्हणाले, आणि त्या न परतण्यातूनच पुढे सेवाग्राम उभं राहिलं. ज्या मातीत अशा यात्रा सांगितल्या जातात तिथल्या माणसाला पांडुरंगाचं हात हलवत परत येणं सहजासहजी पटत नाही.

दुसरं कारण पुस्तकी होतं. मराठी कादंबरीच्या उगमापाशीच प्रवास आहे. जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं हरी केशवजींनी केलेलं मराठी रूप, 'यात्रिक क्रमण', 1841 सालचं. त्यात यात्रेकरू पाठीवर ओझं घेऊन निघतो, निराशेच्या चिखलात रुततो, क्रुसापाशी पोचल्यावर ओझं आपोआप गळून पडतं, मग मोहाच्या बाजारातून, मृत्यूच्या नदीतून तो स्वर्गनगरीत जातो. इथे जागा आणि मनाची अवस्था एकच आहे. चिखल म्हणजेच निराशा. टप्पा ओलांडला की ती अवस्था संपली, मागे वळायचं काम नाही. मग 1857 साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांची दैना बघते. पुढे तिचा नवरा मरतो आणि इतका वेळ जे ती बघत होती ते तिच्याच अंगावर येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. धर्मप्रचाराचं पुस्तक म्हणून आपण ते बाजूला ठेवतो, पण बघणारी बाई स्वतः बघण्याचा विषय होते ही त्यातली कलाटणी आजही मला थक्क करते. असो. या दोन पुस्तकांत प्रवास शिडीसारखा आहे, वरच जातो. मी तीच शिडी 'कोसला'ला लावत होते.

मत हललं ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. सेलूकडचा मुलगा. बी.ए. झाल्यावर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेला. आमच्याकडची कितीतरी मुलं जातात. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते, वर्ध्याला या मुलांना घेते, आणि बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड करत पुण्याला सोडते. भुसावळपासून पुढे ती पांडुरंगाच्याच मुलखातून जाते. हा मुलगा सदाशिव पेठेत खोली करून राहिला. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य अडली, असं काही वर्षं चाललं आणि मग तो परत आला. बाप कपाशी आणि तूर लावतो, त्याच्याबरोबर शेतात जाऊ लागला. मला भेटायला आला तेव्हा मी सवयीने विचारलं, काही वाचतोस का? म्हणाला, "कोसला परत वाचली मॅडम. तुम्ही शिकवली तवा लास्टचा भाग मी वाचलाच नव्हता. तुम्हीच म्हटलं होतं का तो सैल हाये." मग थोडं थांबून म्हणाला, "आता तोच सर्वांत हळू वाचला."

काहून, असं मी विचारलं. त्याने जे सांगितलं ते मी त्याच्या शब्दांत देऊ शकणार नाही, पण आशय असा होता: पुण्यात असताना पांडुरंग सारखा बोलत असतो, गावी आल्यावर तो ऐकायला लागतो. आणि परत आलेल्या माणसाला हेच करावं लागतं, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही.

मी त्या रात्री पुस्तक काढलं. मनात खूणगाठ अशी बांधली की या वेळी पांडुरंग काय शिकला हे शोधायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर तो कसा बोलतो आणि कुणाला बोलू देतो, एवढंच बघायचं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अगदी पहिल्याच पानावर. निवेदक पंचविशीचा आहे, आणि वडिलांचे हजारो रुपये आणि स्वतःची वर्षं वाया घालवून बसला आहे, हे तो आल्या आल्या सांगून टाकतो. म्हणजे प्रवास कुठे जाऊन संपणार हे गुपित नाहीच. बन्यनच्या वाचकाला स्वर्गनगरी गाठली जाईल का याची ओढ असते, 'कोसला'च्या वाचकाला ती ओढ लेखकाने मुद्दाम दिलेली नाही. ज्याने शेवट आधीच सांगितला त्याच्याकडे शेवटी फलित मागणं म्हणजे त्याने न केलेला करार त्याच्या माथी मारणं. आणि मी हे पान वर्गात मोठ्याने वाचून दाखवत असे. त्यातला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांचा खेळ मुलांना समजावून देत असे. पण रचनेच्या दृष्टीने ते पान काय करतं, इकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मग पुण्याचा पहिला टप्पा. गावातून आलेला, घरची बऱ्यापैकी सुबत्ता असलेला मुलगा. त्याला मोठं व्हायचं आहे. कॉलेजच्या मंडळांत पदं घ्यायची, वक्तृत्व करायचं, नाटकात भाग घ्यायचा, होस्टेलची मेस चालवायची, चार लोकांना चहा पाजायचा. या पानांचा वेग मजेदार आहे, माणसं भराभर येतात आणि प्रत्येकाला पांडुरंग एका फटकाऱ्यात रेखाटून टाकतो. तो सगळ्यांविषयी बोलतो, पण त्यांना स्वतःचं असं बोलायला जागा फारशी मिळत नाही. इथे त्याचा प्रवास बाहेरून भरभराटीचा दिसतो आणि पैसा मात्र गळत असतो. पैशाकडे लक्ष ठेवलं तर या कादंबरीतले टप्पे फार स्पष्ट दिसतात. आधी तो दुसऱ्यांवर खर्च करतो, मग व्यवस्थेच्या घोळात घालवतो, मग स्वतःच्या गरजेला पुरत नाही. गाव आणि पुणे यांच्यामधली प्रत्येक ये-जा वडिलांशी होणाऱ्या हिशेबाची असते. अंतर मैलात मोजायचं कारणच पडत नाही.

यानंतर येतो मनीचा मृत्यू. धाकटी बहीण, देवी येऊन गेली. या पानांवर वाक्यं मोडतात. इतका वेळ टवाळीचं कवच घालून बोलणारा मुलगा उघडा पडतो, आणि ज्या बोलण्यावर त्याने स्वतःला उभं केलं होतं ते बोलणंच कामाचं राहत नाही. मृत्यू गावी झाला आणि तो पुण्यात होता, हे अंतर इथे पहिल्यांदा खरं होतं. आपण प्रवासाला निघालो म्हणजे मागचं सगळं जिथल्या तिथे थांबून राहील, अशी निघणाऱ्या प्रत्येकाची समजूत असते. ती इथे फुटते.

आणि मग अजिंठा. या प्रसंगाजवळ मला थांबायचं आहे, कारण माझं मत खऱ्या अर्थाने इथे फिरलं.

अजिंठा हे पांडुरंगाचं गाव नव्हे आणि पुणेही नव्हे. खानदेशच्या कडेला, जळगावहून दोनेक तासांच्या वाटेवर, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कातळात कोरलेली लेणी. कादंबरीच्या दोन टोकांमध्ये ही तिसरी जागा येते. तिचा शिक्षणाशी संबंध नाही आणि घराशीही नाही. पारंपरिक प्रवासकथेत अशा जागी साक्षात्कार व्हायला हवा. दुःखी माणूस बुद्धासमोर उभा राहतो, त्याला दुःखाचं कारण उमगतं, तो शांत होऊन बाहेर येतो. बन्यन असता तर ओझं इथे पडलं असतं. नेमाडे तसं करत नाहीत. पांडुरंग बुद्धाच्या मूर्ती बघतो आणि त्याचं दुःख कमी होत नाही, उलट मोठं होतं. ते त्याच्या एकट्याचं राहत नाही एवढंच. मनीचं मरण दोन हजार वर्षांच्या दगडासमोर आल्यावर लहान दिसायला हवं होतं, पण इथे दगडच त्या मरणाच्या मापाचे होऊन जातात. हे सगळं तुटक, थांबत जाणाऱ्या वाक्यांत येतं. कुठलाही निष्कर्ष नाही.

मी पूर्वी याला 'काव्यात्म प्रसंग' म्हणून बाजूला काढून शिकवत असे, रचनेतला एक सुटा सुंदर तुकडा म्हणून. या वेळी मी एक करून पाहिलं. प्रसंगांची मनातल्या मनात अदलाबदल केली. अजिंठा मनीच्या मृत्यूच्या आधी टाकला. काय होतं? ती कॉलेजच्या पोराची सहल होते, तो मूर्तींवर चार टवाळ शेरे मारतो आणि परत येतो. आता कॉलेजातली पदं आणि भाषणं अजिंठ्यानंतर टाकून बघा. ते अशक्य आहे. त्या लेण्यातून बाहेर आलेला मुलगा मंडळाचा चिटणीस व्हायला उभा राहूच शकत नाही. टप्प्यांचा क्रम एवढा घट्ट असेल तर ती रचना सैल कशी? माझ्या जुन्या मताला यावर उत्तर नव्हतं.

ही अदलाबदलीची कसोटी मी आता इतर ठिकाणीही लावते. नवे लेखक कधी कधी हस्तलिखितं दाखवायला आणतात. त्यात पुलगावचा किंवा हिंगणघाटचा नायक असतो, तो पंढरपूरला जातो, मग काशीला, मग हिमालयात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला कुणीतरी साधू, म्हातारी किंवा परदेशी पाहुणा भेटून एक गोष्ट सांगतो. लेखन मनापासून केलेलं असतं. पण काशी आणि पंढरपूर यांची जागा बदलली तरी पुढच्या पानावर एक शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे नायक जागा बदलतो आहे, पण आधीच्या जागेने त्याचं काही केलेलं नाही. पुढच्या ठिकाणी तो जे बघतो ते मागच्या ठिकाणामुळेच दिसतं, असं झालं तरच टप्पे बसले म्हणायचे. हे त्या मुलांना समजावून सांगताना मी आता उदाहरण अजिंठ्याचंच देते.

अजिंठ्यानंतर पुण्यात परतलेला पांडुरंग वेगळ्याच रीतीने सांगायला लागतो. एका वर्षाची हकिकत डायरीच्या नोंदींसारखी येते. एके ठिकाणी आपला आजचा काळ शेकडो वर्षांनंतरच्या इतिहासकाराच्या नजरेतून बघण्याचा खेळ येतो. पूर्वी मला हे तरुण लेखकाचे प्रयोग वाटत. आता असं दिसतं की प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला सांगण्याची वेगळी पद्धत दिलेली आहे, आणि पांडुरंगाच्या आत काय बदललं ते त्या पद्धतीत आहे. ज्याला दिवसांना जोडणारा धागा सापडत नाही तो माणूस दिवस सुटे सुटे नोंदवतो. ज्याला आपल्या काळात अर्थ दिसत नाही तो शेकडो वर्षं लांब जाऊन बघतो की तिथून तरी काही अर्थ लागतो का. हे सगळं नायक स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. 'मला आता सगळं निरर्थक वाटू लागलं' असं एक वाक्य लिहून लेखकाला मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी त्याने निवेदनच बदललं. प्रवासाच्या कादंबरीत अंतरंगातला बदल दाखवण्याची याहून प्रामाणिक पद्धत मला माहीत नाही.

डायरीचा भाग थोडा लांबला आहे, असं मला अजूनही वाटतं. तो तुटकपणा वाचकाच्या लवकर लक्षात येतो आणि नंतरच्या नोंदी त्यात फार भर घालत नाहीत. पण हे लांबीचं गाऱ्हाणं झालं, क्रमाचं नव्हे.

मग शेवटचा भाग, ज्याला मी सैल म्हणत होते. पांडुरंग परीक्षेत नापास होऊन गावी येतो. इथे माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं ओळीओळीत खरं ठरलं. गावातली माणसं बोलू लागतात, दुसऱ्यांच्या हकिकती येतात, जुन्या गोष्टी येतात. गिरिधरसारखा सोबती येतो, त्याच्या आयुष्याला पांडुरंग स्वतःच्या आयुष्याइतकीच जागा देतो. पुण्यातल्या पहिल्या वर्षी जो मुलगा माणसाला एका फटकाऱ्यात निकालात काढत होता, तो आता शेवटपर्यंत ऐकून घेतो. मी ज्यांना गावगप्पा म्हणत होते तीच त्याच्या बदलाची खूण होती. तो बदल मला दिसला नाही, कारण मी कमाई शोधत होते. पांडुरंगाने काही मिळवलं नाही हे खरंच आहे. त्याच्याकडून एकेक गोष्ट सुटत गेली: मोठं होण्याची हाव, पुण्याचा दबदबा, बहीण, पदवी, आणि सगळ्यात शेवटी स्वतःविषयीच बोलत राहण्याची सवय. सुटत जाण्याचाही प्रवास असतो आणि त्याचेही टप्पे पडतात.

मराठीला हे काही नवं नाही. 'लीळाचरित्र' आपल्याकडचा आद्य गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपूरला राहून, माणसामाणसाला विचारून लीळा गोळा केल्या. रिद्धपूर आमच्या आर्वी-आष्टीपासून फार लांब नाही. त्या लीळा बहुतेक करून ठिकाणाठिकाणांशी बांधलेल्या आहेत: अमुक गावी, अमुक देवळात, अमुक झाडाखाली. ग्रंथाचा पहिला भाग, एकांक, हा स्वामींच्या एकट्याच्या भटकंतीचा. आणि महानुभावांच्या आचारधर्मात अटनाला केवढं महत्त्व! एका जागी रुजायचं नाही, ओळख वाढू द्यायची नाही, फिरत राहायचं आणि आसक्ती कमी करत जायचं. तिथे प्रवासाला गंतव्य नाही. नेमाडे ज्या खानदेशातले त्या भागात महानुभाव पंथ खोलवर मुरलेला आहे, आणि नेमाड्यांना या परंपरेची जाण किती आहे हे त्यांच्या टीकालेखनात जागोजाग दिसतं. मी 'कोसला'ला बन्यनची फूटपट्टी लावली आणि शेजारच्या जिल्ह्यातली लावली नाही, ही गोष्ट मला आता खटकते. वारीचं घ्या. वारकरी आषाढीला पंढरपूरला जातो आणि घरी येतो, पुढल्या वर्षी पुन्हा निघतो. परत येणं हा वारीचाच भाग आहे. परतलेल्या वारकऱ्याला कुणी 'काय मिळवलंस' म्हणून विचारत नाही.

नेमाड्यांना परतीचा हा टप्पा किती महत्त्वाचा वाटत होता ते पुढे 2010 साली 'हिंदू' आली तेव्हा ध्यानात येतं. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. वडिलांच्या आजारपणाची खबर येते आणि तो मोरगावला निघतो. ती सगळी प्रचंड कादंबरी या घरी परतण्याच्या आधारावर उभी आहे. 'कोसला'त जो शेवटचा भाग होता तो इथे पूर्ण पुस्तक झाला. 'हिंदू' वाचली तेव्हाच मी मागे वळून 'कोसला'चा शेवट तपासायला हवा होता, पण तेव्हा मी तिच्याकडे स्वतंत्र पुस्तक म्हणून पाहिलं आणि पुढे गेले.

एका गोष्टीत मी जुन्या मताला अजून चिकटून आहे. 'कोसला'नंतर कितीतरी तरुणांनी घरी परतणारे, कशातच मन नसलेले नायक लिहिले. ते परतणं 'कोसला'सारखं वाटतं, पण त्यामागे मनीचं मरण नसतं, अजिंठा नसतो, पैशाचा हिशेब नसतो. टप्पे न ओलांडता थेट परतीला पोचलेला नायक कंटाळलेला वाटतो, बदललेला वाटत नाही. त्यांच्या शेवटाला मी सैल म्हणते आणि म्हणत राहीन.

हे सगळं मी त्या विद्यार्थ्याला सांगितलं. तूर सोंगून झाली होती, त्याला वेळ होता. त्याने ऐकून घेतलं आणि मग माझ्या नव्या मतालाही हरकत घेतली. म्हणाला, तुम्ही म्हणता पांडुरंग शेवटी सगळ्यांचं ऐकतो. गावातल्या पोरांचं ऐकतो, गोष्टी सांगणाऱ्यांचं ऐकतो. "पण बापाचं कुठं ऐकते तो मॅडम? ज्याचे पैसे गेले त्याची बाजू पुस्तकात आलीच नाही." मी म्हटलं, वडील येतात की, पानोपानी येतात. तो म्हणाला, येतात, पण पांडुरंगाच्या तोंडून येतात.

यावर मला लगेच काही सुचलं नाही. वडिलांची वाक्यं, त्यांची पत्रं, त्यांचे हिशेब जिथे जिथे येतात ती पानं मी आता खुणा घालून वाचते आहे. पहिल्या भागातला बाप आणि शेवटच्या भागातला बाप यांच्या वर्णनात पांडुरंगाचा सूर कितपत बदलला आहे, हे पाहायचं आहे. तो बदललेला नसेल, तर परतीचा एक टप्पा अजून राहिला आहे असं मला म्हणावं लागेल.